आजीच्या पत्रातलं ‘ऐकून घे’

प्रश्न : मी पत्रिका जुळवायला नकार दिलाय. फोंड्याहून आजीचं पत्र आलं : ‘जुळव म्हणत नाही. पण एकनाड येते म्हणतात, तर जोशीबुवांचं एकदा ऐकून घे.’ माझं नक्षत्र हस्त, तिचं उत्तरा फाल्गुनी, दोघांची रास कन्या. ‘ऐकून घे’ म्हणजे शेवटी ‘ऐक’च ना? आणि एकनाड म्हणजे काय?

उत्तर : नाही, दोन्ही एक नव्हेत. ‘जोशीबुवांचं ऐक’ म्हणजे ते सांगतील तसं कर. ‘ऐकून घे’ म्हणजे त्यांना पुरतं बोलू दे, पुढचं तुझं तू ठरव. नकारात घालून पाहा : ‘पोर ऐकत नाही’ म्हणजे हट्टी आहे, ‘पोर ऐकून घेत नाही’ म्हणजे समोरच्याला बोलूच देत नाही. ‘ऐकून घेतलं, पण पटलं नाही’ हे वाक्य सहज चालतं.

आजींनी शब्द जपून वापरलाय असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे देवळात कौल-प्रसाद लावला की मग जी पाकळी पडेल ती मानावी लागते. आजींनी तुम्हाला देवळात पाठवलेलं नाही, जोश्याकडे पाठवलंय. गोव्यात त्या पिढीच्या कितीतरी बायका घरी कोंकणी बोलतात आणि पत्र मराठीत लिहितात; लिहिताना शब्द निवडून घेतात.

आता एकनाड. सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्यांत वाटलेली असतात, पण सरळ ओळीने नव्हे. अश्विनी आद्य, भरणी मध्य, कृत्तिका अंत्य. मग उलटं फिरून रोहिणी अंत्य, मृग मध्य, आर्द्रा आद्य. पुन्हा पुनर्वसू आद्य, असं जातं. वधूवरांची नाडी एकच आली की ती एकनाड, आणि छत्तीसपैकी नाडीचे आठही गुण जातात. एकट्या कूटाला यापेक्षा जास्त गुण नाहीत, म्हणून घरची माणसं त्या शब्दाला घाबरतात. या नाडीचा मनगटावरच्या नाडीशी किंवा रक्तगटाशी काही संबंध नाही. ती फक्त जन्मनक्षत्रावरून ठरते.

तुमची दोन्ही नक्षत्रं आद्य नाडीची, म्हणजे एकनाड खरीच. पण रास एक आणि नक्षत्रं वेगळी असली तर नाडीदोष धरू नये, असा परिहार जोशी मंडळी सांगतात, आणि तुमचं नेमकं तसंच आहे. नुसत्या गुणांच्या कोष्टकात तिथे शून्यच दिसतं. परिहार आहे की नाही ते माणसाने पाहून सांगावं लागतं. आजींचं ‘ऐकून घे’ बहुधा तेवढ्यासाठीच असावं.

उत्तर पाठवताना ‘ऐकेन’ लिहू नका, त्यातून होकार वाचला जाईल. ‘जोशीबुवांचं ऐकून घेऊन येतो’ असं लिहा, म्हणजे त्यांचाच शब्द त्यांना परत मिळेल.