‘नाही’नंतरचा ‘अ’

प्रिय पोरी,

परवा रात्री पावणेदहाला तू मला पुढाऱ्याच्या भाषणाची ती १९ सेकंदांची क्लिप पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "काका, टाकू का? बाकीच्यांनी चालवली." मी "थांब" एवढंच लिहिलं. पान सुटायला पाऊण तास होता, समजावून सांगायला सवड नव्हती. आज नीट लिहितो.

क्लिपमधलं वाक्य होतं, "टेलच्या गावाला यंदा पाणी येणार नाही". जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघाला की २०८ किलोमीटर चालतो. परभणीकडच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या गावांत पाणीपाळी येणार की नाही, यावर माणूस गहू पेरायचा की कमी पाण्यावरचा हरभरा, हे ठरवतो. पुढाऱ्याच्या तोंडी हे वाक्य छापून आलं असतं, तर सकाळी कुणीतरी गव्हाचं बियाणं परत करायला दुकानात गेलं असतं. म्हणून ते वाक्य मला पुरतं ऐकायचं होतं.

मी इयरफोन लावले आणि व्हीएलसीत वेग निम्मा करून शेवटचे दोन सेकंद सात-आठ वेळा ऐकले. वाक्य संपलं की बोलणाऱ्याचा आवाज खाली बसतो. इथे ‘नाही’वर आवाज बसलाच नाही, वरच राहिला. हातही वरच होता. आणि तोडलेल्या जागी एक अर्धवट ‘अ’ ऐकू आला. ‘येणार नाही अ...’

तो ‘अ’ कशाचा असेल, हे तुला मराठी येतं म्हणून कळायला हवं. आपण दुसऱ्याचं बोलणं आधी सांगतो आणि ते कुणाचं, हे मागून. ‘पाणी येणार नाही असं ते म्हणतात.’ ‘असं’च्या आधी कात्री लागली की दुसऱ्याचं वाक्य बोलणाऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि उरलेला तुकडा व्याकरणाने अगदी पुरा दिसतो. कुठे अडखळायला होत नाही, म्हणून शंकाही येत नाही. उलट आपली अट बहुधा वाक्याच्या तोंडाशी असते. त्यामुळे क्लिपची सुरुवातही तितकीच तपासायची.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. तेव्हा आम्ही तालुक्याच्या बातम्या फोनवरून उतरवून घेत असू. एका साखर कारखान्याच्या सभेची बातमी घेताना लाइन खरखरली आणि मला ऐकू आलं, "मी संचालकपदाचा राजीनामा देतो." तसंच छापलं. त्याआधीचं "उसाची पहिली उचल जाहीर केली नाही तर" खरखरीत गेलं होतं. परत फोन लावून एकदा विचारलं असतं तरी भागलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या दारात गावातली माणसं जमली. आम्ही खुलासा छापला, पण तो आतल्या पानावर, चार ओळींचा. त्यांची ती बैठकीतली नजर मी विसरलेलो नाही.

आता तुझ्या क्लिपचा माग कसा काढला ते सांगतो. तुझ्याकडे आलेल्या फाइलचं नाव VID-20241112-WA0007.mp4 होतं आणि तू त्यावरून "१२ तारखेचं भाषण" असं लिहिलं होतंस. ती तारीख व्हिडिओ तुझ्या फोनवर उतरला त्या दिवसाची आहे, भाषणाची नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि मूळ नोंदीही गळतात. म्हणून ज्याच्याकडे मूळ असेल त्याला सांगायचं, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा." मग फाइल जशीच्या तशी येते.

क्लिपवर दुहेरी बाण होता. म्हणजे ती किमान पाच हातांतून फिरून आली होती. एकेका हाताला मागे विचारत जाणं तेवढ्या रात्री शक्य नव्हतं. व्हिडिओतली चित्रं काढून गूगल लेन्सवर शोधणंही करून बघितलं, पण गावच्या सभेसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. नेटवर ती सभा मुळात कुणी नीट चढवलेलीच नसते. इथे मांडव बघावा. क्लिप स्टेजच्या डाव्या पायरीजवळून घेतलेली, मागे निळा-पांढरा पडदा, आणि पुढाऱ्यासमोर फोन धरलेला एक माणूस अर्धा दिसतो. पडद्यावरून मांडववाला कळला, मांडववाल्याकडून साउंडवाला. साउंडवाला म्हणाला, "समोरचा पोरगा फेसबुकवर लाइव्ह करायला होता." त्या पोराच्या पानावर ४७ मिनिटांचं अख्खं भाषण होतं.

इथेही घाई करायची नव्हती. पुढारी त्या दिवशी तीन गावांत बोलले होते आणि तिन्हीकडे कालव्याचाच विषय. तुझी क्लिप याच सभेतली, हे कशावरून? तुझ्या क्लिपच्या अकराव्या सेकंदाला माइक किंचाळतो आणि लगेच मागून एक बुलेट धडधडत जाते. लाइव्हमध्ये ३१व्या मिनिटाला नेमकं तेच, त्याच क्रमाने आहे. मग पुढचं ऐकलं:

"टेलच्या गावाला यंदा पाणी येणार नाही असं जे गावोगाव सांगत फिरायलेत, त्यांना माझ्यासमोर आणा."

मी त्या वाक्याच्या पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंत ऐकलं आणि जसंच्या तसं उतरवलं. त्यानंतरच पुढाऱ्यांना फोन केला. हा क्रम मोडू नकोस. आधी फोन केला असता तर त्यांनी "मी तसं बोललोच नाही" म्हटलं असतं, आणि ते खरोखर बोललेला माणूसही म्हणतोच. हातात पूर्ण वाक्य असलं की त्यांना वाचून दाखवता येतं.

ही क्लिप कुणी मुद्दाम तोडली, असं मात्र बातमीत लिहू नकोस. व्हॉट्सॲप स्टेटसला बरीच वर्षं ३० सेकंदांची मर्यादा होती, त्यामुळे लोकांना व्हिडिओ छाटून ठेवायची सवयच लागली आहे. छाटणाऱ्याचा अंगठा अर्धा सेकंद आधी उचलला गेला असेल. हेतू आपल्याला दिसलेला नाही, तुटलेलं वाक्य दिसलं आहे.

आणि काल तू पाठवलेला नवा मसुदा मी अडवला, त्याचं कारण वेगळं आहे. तू मथळा दिलास, ‘टेलला पाणी मिळणारच’. पोरी, हेही ते बोललेले नाहीत. त्यांनी अफवा पसरवणाऱ्यांना आव्हान दिलं. पाणी देतो असं त्या ४७ मिनिटांत एकदाही म्हटलेलं नाही, मी सगळं ऐकलं. फोनवर मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाले, "बैठकीत ठरेल." चुकीची क्लिप दुरुस्त करताना आपण तिच्या बरोबर उलटं वाक्य त्यांच्या तोंडी घालत होतो, आणि त्यावर विसंबून कुणी गहू पेरला असता.

आवर्तनं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. तेव्हा आज पाटबंधारे शाखेत जा आणि तीन गोष्टी विचार: बैठक झाली का, रब्बीला किती आवर्तनं धरली आहेत, आणि टेलच्या चाऱ्या साफ झाल्या आहेत का. तिसरी गोष्ट शाखेत विचारून थांबू नकोस, चारीवर जाऊन बघ. बातमीत पूर्ण वाक्य अवतरणात दे, सभेचं गाव आणि दिवस दे, फिरणारी क्लिप अर्धवट आहे हे दुसऱ्या परिच्छेदात सांग. मथळ्यात ते तुटकं वाक्य नको.

मी सातपर्यंत ऑफिसात आहे. चारीचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव.

तुझा,
काका