घरमालकाच्या नोटिशीला उत्तर: कबूल काय, नाकबूल काय

«बेळगावात शहापूरला भाड्याने राहतो. मालकाच्या वकिलाची कन्नडमध्ये नोटीस आलीय: पाच महिन्यांचं भाडं थकलं, पोटभाडेकरू ठेवला, पंधरा दिवसांत घर सोडा. दोन महिन्यांचं भाडं खरंच राहिलंय, बाकी खोटं. सगळंच नाकारून टाकू का?»

नका. मी इथल्याच एका वकिलांकडे कारकून आहे. भाडेकरू रागाच्या भरात ‘नोटिशीतील सर्व मजकूर मान्य व कबूल नाही’ एवढंच लिहून मोकळा होतो आणि पुढे अडकतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. दोन महिन्यांचं भाडं दिल्याची पावती तुमच्याकडे नाही. उलटतपासणीत ते एक खोटं उघडं पडलं, की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्टाचा विश्वास उरत नाही.

आधी नोटीस शब्दन् शब्द वाचून घ्या. ‘बाडिगे बाकी’ सहज कळतं, पण ‘उप बाडिगे’, म्हणजे पोटभाडं, एखाद्या लांबलचक वाक्याच्या पोटात असतं आणि नजरेतून सुटतं. मग नोटिशीतल्या परिच्छेदांचेच क्रमांक घेऊन प्रत्येकाला उत्तर द्या.

परिच्छेद 1 मध्ये बहुधा ‘आमचे पक्षकार मालक, तुम्ही भाडेकरू’ असं असेल. ते सरळ कबूल करा. चिडून ‘घर यांचं नाहीच, यांच्या भावाचं आहे’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 111 प्रमाणे मालकी दुसऱ्याची आहे असं म्हणणं हेच भाडेपट्टा संपवण्याचं कारण ठरू शकतं. शिवाय ज्याच्याकडून घर भाड्याने घेतलं त्याची त्या वेळची मालकी भाडेकरूला पुराव्याच्या कायद्यानेही नाकारता येत नाही.

खरी कसोटी थकबाकीच्या परिच्छेदाला. आमच्याकडे खानापूरच्या एका भाडेकरूचं अगदी असंच प्रकरण होतं. नोटिशीत लिहिलं होतं: ‘दरमहा भाडे 6,000, जून ते ऑक्टोबर पाच महिने थकले, एकूण 30,000.’ वास्तवात भाडं 5,000 होतं आणि जून, जुलै, ऑगस्टचं मोबाईलवरून मालकाच्या खात्यात गेलं होतं. त्यांनी घरून लिहून आणलं होतं, ‘30,000 थकले हे नाकबूल.’ आमच्या वकिलांनी ते ओढून खोडलं. त्याचा अर्थ 29,000 थकलेत असाही निघतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8 कोर्टातल्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, असलं निसटतं उत्तर चालवून घेत नाही, आणि कैफियत पुढे नोटिशीच्या उत्तरावरच बेतायची असते. म्हणून शेवटी असं लिहिलं:

‘परिच्छेद 2: भाडे दरमहा 6,000 होते हे नाकबूल, ते 5,000 आहे. जून, जुलै व ऑगस्टचे भाडे थकले हे नाकबूल. ते एकूण 15,000 आपल्या पक्षकारांच्या खात्यावर जमा केले असून तारखा व व्यवहार क्रमांक सोबत जोडले आहेत. सप्टेंबर व ऑक्टोबरचे 10,000 देणे राहिले, एवढेच कबूल. ती रक्कम आज त्याच खात्यावर जमा केली आहे. याव्यतिरिक्त कोणतीही रक्कम येणे नाही.’

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि ‘जमा केली’ असं लिहायचं तर त्या दिवशी खरंच भरा. डिपॉझिटचा आकडा नोटिशीत नसेल तर वेगळ्या परिच्छेदात नोंदवा. पण करारात तसं ठरलेलं नसेल तर ‘भाडं त्यातून वळतं करा’ असं लिहून भाडं देणं थांबवू नका.

पोटभाडेकरूच्या आरोपाला नुसतं ‘खोटं’ पुरत नाही. घरात कोण राहतं, नातं काय, त्याच्याकडून पैसे घेता का, हे लिहा. कॉलेजसाठी भाचा तुमच्याच चुलीवर जेवून राहत असेल तर तेच सांगा. ‘मुलाच्या लग्नासाठी घर हवंय’ अशासारख्या, तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी कबूलही करू नका, खोट्याही म्हणू नका. ‘आम्हास माहिती नाही, आपल्या पक्षकारांनी शाबीत करावे’ असं लिहा.

पंधरा दिवसांबद्दल: महिनेवारी भाड्याच्या घराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 106 प्रमाणे तेवढीच मुदत लागते आणि ती नोटीस हातात पडल्यापासून मोजतात. पाकीट जपून ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागेल. मुदत दोन-चार दिवस कमी पडली एवढ्यावर विसंबू नका; 2002 च्या दुरुस्तीनंतर, दावा पूर्ण मुदत उलटल्यावर दाखल झाला तर नोटीस तेवढ्यासाठी रद्द होत नाही. पण मुदत संपली म्हणून मालकाला कुलूप लावता येत नाही. घर काढून घ्यायला त्याला कोर्टातच जावं लागतं. कर्नाटकचा भाडे कायदा तुमच्या घराला लागतो का, हे भाड्याच्या रकमेवर अवलंबून असतं. करार घेऊन वकिलांना तेवढं जरूर विचारा.

उत्तर कन्नड किंवा इंग्रजीत जाईल. सही करण्याआधी वकिलांकडून ते मराठीत वाचून घ्या, विशेषतः परिच्छेद 2 चे आकडे. मग पोचपावतीसह पोस्टाने पाठवा आणि पावती उत्तराच्या प्रतीला टाचून ठेवा.