फोटो चार टोनमध्ये बसवताना खरी अडचण मधल्या गोष्टींची

"फोटोवरून वॉटरकलर करायच्या आधी ३-४ टोनमध्ये छोटा स्टडी करा असं सगळे सांगतात. मी फोनमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला पण चित्रात काहीच फरक पडला नाही. नेमकं काय करायचं असतं?"

ब्लॅक अँड व्हाइट केल्याने रंग गेला हो, टोन कुठे कमी झाले? साध्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, त्या सगळ्या जागच्या जागी राहिल्या. आधी रंगीत गोंधळ बघून चित्र काढत होतात, आता राखाडी गोंधळ बघून काढलंत, एवढंच.

स्टडीत करायचं असतं ते असं, की तीन (किंवा चार) डबे समोर ठेवलेत असं समजा आणि फोटोतली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी एका डब्यात टाका. एकदा टाकली की त्या डब्यातल्या सगळ्यांना एकच टोन, आत बारीकसारीक फरक करायचा नाही. आकाश आणि पाणी एकाच डब्यात गेले तर दोघं हुबेहूब सारखे, मधली रेघसुद्धा नाही. ऐकायला सोपं आहे, पण करायला बसलं की कळतं, फोटोतल्या निम्म्या गोष्टी धड या डब्यातल्याही नसतात आणि त्या डब्यातल्याही नसतात. त्या कुठे टाकायच्या हे ठरवणं म्हणजेच स्टडी, आणि ते काम फोन करून देत नाही.

माझंच एक उदाहरण सांगतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, चित्रं काढणाऱ्यांचं आवडतं ठिकाण. जानेवारीत सकाळी नऊच्या सुमाराला काढलेला माझा फोटो होता. वर आकाश, मागे मोठं झाड, त्याच्या पुढ्यात देवळाचं शिखर, खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या तिरक्या उतरत पाण्यापर्यंत, पायऱ्यांवर धुऊन वाळत घातलेले कपडे. फोटो झकास, पण त्यावरून केलेली पहिली दोन चित्रं नुसती खिचडी झाली.

मग स्टडी करायला बसलो. चित्र १५ बाय ११ इंची कागदावर करायचं होतं, म्हणजे ३८ बाय २८ सेंटिमीटर, म्हणून स्टडीची चौकट साडेनऊ बाय सात, बरोबर पाव लांबी-रुंदी. प्रमाण तेच ठेवा, नाहीतर स्टडीत छान बसलेलं कॉम्पोझिशन मोठ्या कागदावर कडेला लोंबकळतं. आणि चौकट यापेक्षा मोठी करू नका, जागा मिळाली की हात खिडक्या आणि पानं काढायला लागतोच. रंग एकच घ्यायचा, मी न्यूट्रल टिंट घेतो, पेन्स ग्रे पण चालतो, नाहीतर ६बी पेन्सिल आडवी धरून. ब्रश ८ नंबरचा, बारीक ब्रश कपाटात.

आधी बाजूला तीन ठिपके करून वाळू द्या: कोरा कागद, मधला, गडद. वाळू द्या म्हणतोय कारण वॉटरकलर वाळला की फिका पडतो आणि ओला असताना बरोबर वाटलेला मधला टोन हमखास कमी पडतो. ही चूक जवळपास सगळे करतात, मधला टोन पांढऱ्याच्या कुशीत जाऊन बसतो आणि मग गडद जागा कागदाला भोकं पडल्यासारख्या दिसतात.

आता फोन हातभर लांब धरायचा, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करायचा आणि डोळे किलकिले करून बघायचं. (चष्मा असेल तर काढा, आम्हा चष्मेवाल्यांना एवढा एक फायदा आहे.) पानं, सांधे, कपड्यांच्या घड्या सगळं विरघळून मोठे तुकडे राहतात, तेच हवेत.

पहिल्या स्टडीत मी पायऱ्या गडद डब्यात टाकल्या. का, तर दगड काळा. आणि झाडाखालच्या सावलीत वाळत घातलेलं पांढरं धोतर कागदाचं पांढरं ठेवलं, का, तर धोतर पांढरं! किलकिल्या डोळ्यांनी बघूनसुद्धा डोकं नावं वाचत होतं. मग वैतागून फोनमध्ये कलर पिकरने दोन्हीकडे बोट ठेवून बघितलं. उन्हातल्या पायरीचा वरचा भाग १५० च्या आसपास निघाला आणि सावलीतलं धोतर १२० च्या आसपास, म्हणजे काळा दगड पांढऱ्या कापडापेक्षा उजळ. यात चमत्कार काही नाही, सावलीत उन्हाच्या मानाने प्रकाशच कितीतरी कमी पोचतो, पांढऱ्या कापडाने त्यातला बहुतेक परत फेकला तरी तो फेकणार किती. वर तो दगड कोरडा आणि धुळकट, भिजल्यावर दिसतो तेवढा काळा नसतोच. म्हणून वस्तूचा रंग काय हे विचारू नका, तिच्यावर ऊन आहे का एवढंच विचारा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तर दुसऱ्या स्टडीत पायऱ्यांचे वरचे भाग पांढऱ्यात घेतले आणि धोतर मधल्यात ढकललं. झाड, देवळाची सावलीतली बाजू, पायऱ्यांवर पडलेली झाडाची सावली हे सगळं गडद, आणि एकमेकांना चिकटलेलं. इथे हात थरथरतो बरं का, कारण शिखराची काळोखी बाजू मागच्या झाडात पार हरवली आणि मला तिथे एक रेघ मारून शिखर वाचवावंसं वाटत होतं. नाही मारली. शिखराची उन्हातली बाजू आणि आकाशावर आलेलं टोक एवढ्यावर बघणाऱ्याला देऊळ कळतं. गडद तुकडे सुटे सुटे सात-आठ ठेवले की चित्र ठिगळाठिगळाचं दिसतं, जोडून दोन-तीन मोठे केले की उभं राहतं.

राहिलं पाणी. फोटोत पाणी खरं तर उजळच होतं, आकाश उतरलं होतं त्यात. प्रामाणिकपणे पांढऱ्या डब्यात टाकलं, तर पायऱ्या, पाणी, आकाश सगळं पांढरं, घाट कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते पत्ताच नाही. मग तिसऱ्या स्टडीत मी सरळ फोटोशी खोटं बोललो आणि पाणी मधल्यात टाकलं. झालं! वर गडद झाड, खाली मधलं पाणी, मधून उन्हातल्या पायऱ्यांचा पांढरा तिरका पट्टा थेट देवळाच्या पायथ्याशी जाणारा. सीमेवरची गोष्ट कुठल्या डब्यात टाकायची ते फोटोला विचारायचं नसतं, शेजारी काय आलंय त्याला विचारायचं. पण खोटं सीमेवरच्याच गोष्टीबद्दल बोला, उन्हातली पायरी गडद केलीत तर ऊनच जाईल.

तीनही स्टडी मिळून अर्धा तास गेला असेल. चौथा टोन मी शेवटी आणतो, आधीपासून चार घेतले की अडलेली प्रत्येक गोष्ट आपण आळसाने मधल्या दोघांत वाटून टाकतो आणि ठरवायचं राहून जातं. इथे अडचण अशी होती की आकाश आणि पायऱ्यांचा पट्टा दोघंही पांढरे, आणि आकाश मोठं असल्यामुळे तेच नजर खात होतं. म्हणून उजळ डबा फोडला, आकाशाला अगदी हलका राखाडी दिला आणि कोरा कागद फक्त पायऱ्यांसाठी राखला. दुसऱ्या फोटोत कदाचित गडद डबा फोडावा लागेल, तसं नियम काही नाही. धुक्यातला फोटो असेल तर मात्र तीनही टोन एकमेकांच्या जवळ ठेवा, काळ्यापर्यंत ताणलंत की धुकं उडून जातं.

सॉफ्टवेअर वापरू नका असं नाही म्हणत, पण आपला स्टडी झाल्यावर दुसरं मत म्हणून वापरा. GIMP मध्ये Colors > Desaturate मध्ये Luminance घ्या, मग Filters > Blur > Gaussian Blur, आणि मग Colors > Posterize ला ३ किंवा ४. मधला ब्लर गाळलात तर झाडाची पानं खरूज झाल्यासारखी ठिपकेदार येतात. आणि ब्लर करूनही ते फक्त आकड्यांवर कापतं, ४ टोन दिलेत तर माझं धोतर आणि शेजारची उन्हातली पायरी ते वेगळी करेल, ३ दिलेत तर दोन्ही मधल्यातच टाकेल, पण पाणी मुद्दाम मधल्यात टाक हे त्याला कुठून सुचणार. शिवाय हल्लीचे फोन फोटो काढतानाच सावल्या उजळ करतात आणि आकाश दाबतात, त्यामुळे सगळंच मधल्या डब्यात येऊन पडतं. जागेवर गेला असाल तर झाडाखाली किती काळोख होता हे आठवून गडद करा, फोनवर विसंबू नका.

वॉटरकलरला या स्टडीचा आणखी एक सरळ उपयोग म्हणजे वॉशचा क्रम आपोआप ठरतो. पायऱ्यांचा पट्टा सोडून सगळ्या कागदावर हलका वॉश, वाळल्यावर पाणी आणि बाकीच्या मधल्या भागांवर दुसरा, शेवटी गडद. रंग कुठलाही घ्या, टोन ठिपक्यांशी जुळला पाहिजे. गडदसाठी मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवतो, लेमन यलो टाकून केलेला हिरवा कितीही थर दिलेत तरी तिथपर्यंत जात नाही, हे मी झाडाच्या पायी एक कागद वाया घालवून शिकलो. अधूनमधून चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा आणि स्टडीशेजारी धरा, तुमचं ते फोनचं बटण खरं इथे कामाला येतं.

एक राहिलं, त्या फोटोत पायऱ्यांवर लालभडक साडी वाळत होती, फोटो काढला होता तोच तिच्यासाठी. स्टडीत तिला जागाच मिळेना, राखाडीत ती शेजारच्या सावलीएवढीच निघाली आणि गायब झाली. मी तिला उजळ करून बघितलं तर ती गुलाबी झाली. शेवटी स्टडीत काढलीच नाही, चित्रात मात्र त्या सावलीच्याच टोनचा लाल तिथे भरला, आणि आता चित्र बघणारा प्रत्येक जण पहिल्यांदा साडीच बघतो.