पतीच्या तुरुंगबदलीचा अर्ज

प्रश्न: माझे पती घरापासून फार लांबच्या तुरुंगात आहेत. त्यांना जवळच्या तुरुंगात हलवा, असं पत्र कसं लिहू?

ताई, खटला अजून चालू असेल तर बदलीसाठी बहुतेक ठिकाणी न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून तो अर्ज वकिलांमार्फत करा. शिक्षा झाली असेल तर तुरुंग अधीक्षकांना लिहा. पहिल्याच ओळीत पतीचं पूर्ण नाव, कैदी क्रमांक आणि कोणता तुरुंग हवा ते येऊ द्या. नुसतं ‘फार लांब आहे’ म्हणून भागत नाही, अडचण दिसली पाहिजे:

“प्रवासात एक रात्र जायला, एक यायला जाते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना सोडून मला निघता येत नाही. वर्षभरात मुलांची वडिलांशी भेट झालेली नाही.”

सोबत डॉक्टरांचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा जोडा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांतला ५९वा नियमही लिहा: कैद्याला शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवावं. तो कायद्यासारखा बंधनकारक नाही, पण मागणीला आधार मिळतो. पती निर्दोष आहेत हा मुद्दा इथे नको, तो अधीक्षकांच्या हातात नसतो. पतींनाही आतून अर्ज द्यायला सांगा आणि तुमच्या प्रतीवर पोच नक्की घ्या. जागा नाही किंवा सुरक्षेचं कारण सांगून नकार आला, तर तो लेखी मागा. वरिष्ठांकडे जाताना तोच लागतो.