शब्द शेवटून वाचा : वैद्यकीय शब्दांची प्रश्नोत्तरे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठी माध्यमाची. कोलेसिस्टेक्टॉमीसारखे शब्द पाठ करते आणि दोन दिवसांत विसरते. सुरुवात कुठून करू?
*– विद्यार्थिनी, जुळे सोलापूर*

शब्दाच्या शेवटापासून. सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर यांतलं ‘पूर’ ऐकलं की हे गाव आहे हे आधी कळतं, तसंच इथं. ‘एक्टॉमी’ ग्रीक आहे : एक म्हणजे बाहेर, टोमी म्हणजे कापणं. म्हणजे काहीतरी कापून काढलंय. काय काढलं? कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी. आपला ‘पित्ताशय’ अगदी असाच बनलाय! आता शेपूट बदला. कोलेसिस्टायटिस म्हणजे पित्ताशयाचा दाह, कारण ‘आयटिस’ म्हणजे दाह.

घात होतो तो ‘ऑस्टॉमी’पाशी. त्यात ‘स्टोमा’, म्हणजे तोंड, लपलंय. कोलेक्टॉमीत मोठं आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढून टाकतात. कोलॉस्टॉमीत त्याच आतड्याचं तोंड पोटावर उघडतात, आणि त्या रुग्णाच्या पिशवीची काळजी तुम्हालाच घ्यायची असते. फरक एका ‘स्ट’चा आहे. म्हणून हे दोन शब्द वहीत शेजारीशेजारी लिहा आणि मोठ्यानं म्हणा.

मूत्रपिंडाला कुठं ‘नेफ्रो’, कुठं ‘रीनल’. एकच काहीतरी का नाही?
*– फार्मसीचा विद्यार्थी, बाळे*

नेफ्रॉस ग्रीक, रेन लॅटिन. ढोबळमानानं शरीररचनेची नावं लॅटिनमधून आली आणि आजार-शस्त्रक्रियांची ग्रीकमधून. म्हणून धमनी ‘रीनल’, पण दाह ‘नेफ्रायटिस’. नियम पक्का नाही, ‘रीनल फेल्युअर’ आहेच.

तुमच्या कामाचं उदाहरण मात्र वेगळं आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी बसलेली असते. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅड’ म्हणजे जवळ, त्यावरून अ‍ॅड्रेनॅलिन. ग्रीकमध्ये ‘एपि’ म्हणजे वर, त्यावरून एपिनेफ्रिन. दोन्ही एकाच औषधाची नावं. एका पुस्तकात एक आणि इंजेक्शनवर दुसरं दिसलं, तर गोंधळू नका.

सासरे महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडले होते. आता सीटी स्कॅनमध्ये ‘सबड्यूरल हिमॅटोमा’ आलंय. ‘ओमा’ म्हणजे कॅन्सरची गाठ असं वाचलं. खरं का?
*– एक सूनबाई, अशोक चौक*

नाही. कार्सिनोमा, लिंफोमा यांत ‘ओमा’ गाठीसाठी येतो, पण हिमॅटोमा म्हणजे रक्तवाहिनीबाहेर साचलेलं रक्त. ‘हिमॅट’ म्हणजे रक्त, ‘सब’ म्हणजे खाली, ‘ड्यूरा’ हे मेंदूचं बाहेरचं जाड आवरण. आवरणाखाली रक्त साचलंय, एवढंच हा शब्द सांगतो. ग्लॉकोमा तर डोळ्याचा आजार, त्यात गाठ नसतेच.

कॅन्सर नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. वयस्कर माणसात साध्या पडण्यानंतर काही आठवड्यांनीही असं रक्त मेंदूवर दाब आणतं. ते किती आहे आणि काय करायचं, हे शब्दातून कळत नाही. रिपोर्ट आजच न्यूरोसर्जनना दाखवा, सासरे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा. गुंगी वाढली, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्रीसुद्धा थेट दवाखान्यात न्या.