वद्य सप्तमीचा चंद्र : दोन साइट दोन कला का दाखवतात, आणि स्वभावाचं काय

"माझा जन्म भाद्रपद वद्य सप्तमीचा, तोही पितृपक्षातला. आई म्हणते उतरता चंद्र म्हणून तू मनाने हळवी. वेस्टर्न पद्धतीने बघावं म्हटलं तर एक साइट लास्ट क्वार्टर दाखवते, दुसरी डिसेमिनेटिंग. रवी तूळ १४ अंश, चंद्र कर्क २ अंश. खरं कुठलं आणि स्वभावाबद्दल ते लोक काय सांगतात?"

ताई, आधी गणित करू, कारण घोळ तिथेच आहे. मेषेपासून मोजलं तर तुमचा रवी १९४ अंशांवर आणि चंद्र ९२ वर. चंद्रातून रवी वजा करायचा, उत्तर उणे आलं की ३६० मिळवायचे, म्हणजे तुमचं अंतर २५८ अंश. याला १२ ने भागा, साडेएकवीस येतात, म्हणजे २१ तिथी होऊन बाविसावी चालू, तीच वद्य सप्तमी. आपलं पंचांग निरयन आणि त्यांचं सायन असलं तरी फरक पडत नाही, कारण अयनांश, म्हणजे या दोन पद्धतींतला अंशांचा फरक, रवी आणि चंद्र दोघांतूनही सारखाच वजा होतो आणि अंतर तेवढंच राहतं.

आता दोन साइटचं. आकाशातली कला दाखवणारी बरीचशी अ‍ॅप्स आठ भाग करताना मुख्य कला भागाच्या मधोमध धरतात, म्हणजे २७० अंशांच्या अलीकडे पलीकडे साडेबावीस अंश सगळं लास्ट क्वार्टर. त्यात तुमचे २५८ बसतात. पण स्वभावासाठी वेस्टर्न ज्योतिषी जे आठ प्रकार वापरतात ते डेन रुड्यार यांचे (पॅरिसला जन्मलेले, नंतर अमेरिकेत स्थायिक झाले), आणि त्यांच्यात प्रकार नेमक्या अंशाला *सुरू* होतो : पौर्णिमेचा १८० ला, डिसेमिनेटिंग २२५ ला, लास्ट क्वार्टर २७० ला. म्हणजे तुम्ही डिसेमिनेटिंग. पहिली साइट आकाशाबद्दल चुकत नाहीये, पण तिथलं नाव उचलून त्यावर लास्ट क्वार्टरचं स्वभाववर्णन वाचायचं नाही, आणि ही चूक मी फार जणांची होताना बघितलीये.

रुड्यारांच्या मांडणीत वाढता चंद्र म्हणजे करण्याचा काळ, माणूस आधी उडी घेतो, काहीतरी उभं करतो आणि अर्थ मागाहून कळतो. उतरत्या चंद्राचा माणूस उलटा, त्याला जे झालं त्याचा अर्थ लावायचा असतो आणि तो पुढे द्यायचा असतो. डिसेमिनेटिंग म्हणजे पौर्णिमेला जे लख्ख दिसलं ते वाटत सुटणारा, शिकवणारा, पटलेली गोष्ट चार लोकांना सांगितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा. यातला धोकाही ते सांगतात, एखाद्या विचाराच्या इतकं आहारी जायचं की समोरच्याचं ऐकूच येत नाही. लास्ट क्वार्टरवाल्याचं वेगळं असतं, त्याचं जुन्या मतांशी आतल्या आत भांडण चालू असतं आणि बाहेर पत्ता लागत नाही. तुम्ही दोन्ही वाचून बघा आणि कुठलं अंगाला लागतं ते प्रामाणिकपणे ठरवा, मात्र प्रयोगाने सिद्ध झालेलं यातलं काही नाही, ही निरीक्षणाची परंपरा आहे.

आईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. आपल्याकडे पक्षबल बघतात तसं जुन्या युरोपातही होतं, १७ व्या शतकातले इंग्लंडचे विल्यम लिली चंद्राचं बळ मोजताना प्रकाश वाढत असेल तर जास्त गुण देत. स्वभावासाठी ते चंद्राचे चार भाग करत : अमावास्येपासून अर्ध्या चंद्रापर्यंत उष्ण आणि ओला, तिथून पौर्णिमेपर्यंत उष्ण आणि कोरडा, मग थंड आणि कोरडा, शेवटी थंड आणि ओला. तुमचा तिसरा भाग, म्हणजे विचारी, मनात धरून ठेवणारा, जरा उदासीकडे झुकणारा. पण त्यांच्याकडे ही एकच साक्ष नसायची, लग्न, लग्नेश, लग्नातले ग्रह, जन्माचा ऋतू असं सगळं जुळवून मग स्वभाव ठरवायचे. नुसत्या चंद्रावरून हळवी म्हणणं त्यांनाही पटलं नसतं, आणि त्या चंद्राचा साधारण ६० टक्के भाग उजळलेला होता, तो काही विझत आलेला नव्हता. भाद्रपदात वद्य सप्तमीला मध्यरात्रीच्या जरा आधी पूर्वेला बघा, अर्ध्याहून मोठा दिसतो.

जन्मवेळेची धास्ती घेऊ नका. चंद्र रवीपासून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो आणि तुमच्यापासून २७० ची हद्द १२ अंश लांब आहे, म्हणजे वेळ तासभर इकडे तिकडे झाली तरी प्रकार बदलत नाही. हद्दीच्या एक-दोन अंशांत जन्म असता तर मात्र आधी वेळ आणि टाइमझोन तपासायला सांगितला असता, कारण भारतातली वेळ चुकून जीएमटी म्हणून भरली तर जवळपास तीन अंशांचा फरक पडतो.