‘एक वर्षानं येते’ असं विद्यापीठाला लिहिताना

“मॅडम, अमेरिकेत एम.एस.ला ॲडमिशन कन्फर्म झालीय, डिपॉझिटही भरलंय. आणि आता बाबा आजारी पडलेत. एक वर्षानं येते म्हणून मेल केला, तर ते सीटच काढून घेतील का ओ?”

मे-जून आला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कुणीतरी घेऊन येतंच. नुसतं विचारलं म्हणून पक्की जागा सहसा जात नाही. नकार आला, तर यंदा या नाहीतर पुन्हा अर्ज करा, इतकंच बहुधा कळवतात. जागा जाते ती गप्प बसल्यानं, किंवा उत्तर यायच्या आधीच होकार गृहीत धरल्यानं. काही विभाग मात्र डेफरल, म्हणजे प्रवेश पुढच्या वर्षावर नेण्याची मुभा, देतच नाहीत. म्हणून आधी ऑफर लेटर आणि विभागाचे नियम शांतपणे वाचायचे. विनंतीची शेवटची तारीख बऱ्याचदा तिथंच असते.

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या बाबांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. भाऊ बारावीत. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होणार, आणि मेल तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून.

तिनं तो मला दाखवला. दोन पानं. बाबांचे रिपोर्ट, औषधांची नावं, कारखान्याचं कर्ज आणि सात वेळा ‘सॉरी’. मी म्हटलं, “समज, तू तिथली प्रवेश समिती आहेस. आज असे चाळीस मेल आलेत. हा मोठ्यानं वाच आणि सांग, या मुलीला काय हवंय?”

तिनं वाचलं. मध्येच थांबली. “कळत नाही ओ. हिला यायचंय की नाही, तेच कळत नाही.”

“मग एवढी माफी कुणाची मागतेस?”

बराच वेळ ती पदराशी खेळावं तशी ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “बाबांची. माझ्या लोनसाठी त्यांनी शेड तारण ठेवायची तयारी केली होती. आणि मी थांबतेय.”

इथं गाठ सुटली. गेली कित्येक वर्षं मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते, आणि माझा अनुभव असा की भीती बहुधा समोरच्या माणसाची नसतेच. आपण स्वतःला सुनावलेल्या वाक्याची असते. तिचं वाक्य होतं, ‘थांबले म्हणजे मी सगळ्यांना फसवलं.’ “थांबणं म्हणजे फसवणं, हे कुठं लिहिलंय?” एवढंच मी विचारलं. पुढच्या भेटीत ती स्वतःच म्हणाली, “मी पळून जात नाहीये. मला जायचंय, पण बाबा उभे राहिल्यावर.” मी म्हटलं, हेच मेलमध्ये लिही.

मग मेल लिहायला वीस मिनिटं लागली. विषयाच्या ओळीत:

```
Deferral Request: Fall 2026 to Fall 2027, Application ID
```

शेवटी तिचा खरा अर्ज क्रमांक. पहिल्याच वाक्यात मागणी: प्रवेश मी स्वीकारला आहे, तो एक वर्ष पुढे न्यावा. मग कारण, दोनच वाक्यांत: वडिलांचा गंभीर आजार, आणि त्या काळात उपचार व घरचा व्यवसाय पाहायला सज्ञान मूल मी एकटीच. रिपोर्टची फाईल जोडायची नाही. डॉक्टरांचं एका पानाचं पत्र पुरतं. त्यानंतर या वर्षात दुसरीकडे कुठल्याही पदवीला प्रवेश घेणार नाही, ही ग्वाही. खरी असेल तरच लिहायची, कारण बरीच विद्यापीठं तीच अट घालतात. ‘अजून चांगली ऑफर येते का बघते’ हे कारण समितीला पटत नाही, आणि आजाराचं खोटं कारण तर मी कुणालाच लिहू देत नाही.

शेवटी तीन साधे प्रश्न: भरलेलं डिपॉझिट पुढच्या वर्षी धरलं जाईल का, विद्यापीठातल्या कामाच्या बदल्यात पैसे देणारी असिस्टंटशिप पुढे जाईल का, आणि व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी हा कागद नव्या तारखेचा कधी मिळेल. असिस्टंटशिपबद्दल मी मुलांना आधीच सांगून ठेवते: जागा राहिली तरी पैसे बहुधा राहत नाहीत, पुढच्या वर्षी त्यासाठी नव्यानं विचार होतो. टोफेलचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, तोही तपासायला लावला. बँकेलाही कळवायला सांगितलं, कारण कर्जाच्या मंजुरीला मुदत असते.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. एक वर्ष मंजूर, असिस्टंटशिपची हमी नाही, फेब्रुवारीत पुन्हा लेखी होकार कळवायचा. तो मेल तिनं बाबांना वाचून दाखवला. बाबांनी डाव्या हातानं कारखान्यातलं कॅलेंडर दाखवलं, आणि पुढच्या वर्षीचं आणल्याबरोबर फेब्रुवारीवर खूण कर म्हणाले. तोपर्यंत तिनं तारीख लेथशेजारच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलीय.